चांगल्या पायाचं पाऊल

आमच्या आप्पांचा उजवा गुडघा दुखायचा. निदान त्यांची तशी खात्री होती. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत ही कुरबुर सुरू झाली. काकूंनी तेल चोळून पाहिलं, मुलानं पट्टा आणला, गुडघ्याचा एक्स-रे निघाला. त्यात वयाच्या मानानं काहीच वावगं नव्हतं. शेवटी मिरजेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना पलंगावर उताणं झोपवलं, गुडघा पोटाकडे वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढलं. असं केलं की खुब्यात मांडीचं हाड आतल्या बाजूला फिरतं. आप्पा कळवळले आणि त्यांचा हात गुडघ्याकडे न जाता थेट जांघेत गेला. दुखणं खुब्याचं होतं. खुब्याकडून आणि गुडघ्याकडून निघणाऱ्या काही संवेदना एकाच नसांतून वर जातात, त्यामुळे दुखतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे. अशा कितीतरी गुडघ्यांना विनाकारण तेल लागत असतं.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं. आप्पांना दम्यासाठी पूर्वी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. अशा गोळ्यांमुळे काही जणांमध्ये या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतलं हाड मरतं आणि भार सोसता सोसता ते खचतं. दारूमुळेही असं होतं, काही वेळा कुठलंच कारण सापडत नाही. आप्पांचा गोळा एका बाजूनं चेपून गेला होता. औषधानं तो पुन्हा गोल होणार नव्हता, म्हणून बदलायचं ठरलं. खोबणीत धातूची वाटी, वाटीत चिवट प्लास्टिकचं अस्तर, मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलेला धातूचा दांडा आणि त्यावर नवा गोळा, असा हा एकूण ऐवज. धातू आणि प्लास्टिकची ही जोडी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या सर्जननं 1962 साली बसवून दाखवली. त्याआधी त्यानं टेफ्लॉन वापरून पाहिलं होतं, पण ते फार लवकर झिजलं. आज साहित्य सुधारलंय, पण मूळ कल्पना तीच आहे.

ऑपरेशनची गोष्ट मी इथंच सोडतो. ते डॉक्टरांचं काम होतं आणि ते नीट झालं. त्यानंतरचं काम आप्पांचं होतं, आणि मला सांगायचंय ते त्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "काका, उठायचंय." आप्पांना वाटलं, पेशंट चुकला. त्यांच्या लेखी इतकं मोठं ऑपरेशन म्हणजे महिनाभर अंथरूण. पण नवा सांधा पहिल्या दिवसापासूनच भार घ्यायला तयार असतो. काही विशेष कारण असलं तरच डॉक्टर भार टाकू नका म्हणतात. उलट पडून राहण्यातच धोका. पायातल्या शिरांमध्ये रक्त साकळतं, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. मॅडमनी आधी पलंगाचं डोकं वर केलं, मग पाय खाली सोडून कडेला बसवलं आणि चांगली पाच मिनिटं तसंच बसू दिलं. आडव्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. पहिल्या दिवशी लोक पडतात ते बहुतेक यामुळे, त्यात नव्या खुब्याचा दोष नसतो.

आप्पा वॉकर धरून उभे राहिले. सगळा भार डाव्या पायावर आणि दोन्ही हातांवर. उजवं पाऊल नुसतं फरशीला टेकवलेलं, तापलेल्या तव्याला बोट लावावं तसं. मॅडमनी विचारलं, "दुखतंय का?" आप्पा विचार करून म्हणाले, "दुखत नाही. पण हा पाय माझा वाटत नाही." धावत्या गाडीत, घाटाच्या वळणावर, दोन्ही हात सोडून तिकिटं फाडत उभा राहणारा माणूस. त्याला स्थिर जमिनीवर आपल्या एका पायाचा भरवसा वाटत नव्हता.

वॉकरचा क्रम साधा आहे. आधी वॉकर पुढं, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पहिल्या दिवशी आप्पा पलंगापासून दारापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत. लघवीची नळी निघाली होती आणि बेडपॅन नको म्हणून माणूस किती चालू शकतो, हे त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांनी पाहिलं.

घरी यायच्या आधी घराचीच तयारी करावी लागली. डॉक्टरांनी खुबा मागच्या बाजूनं उघडला होता. तिथलं आवरण शिवलेलं असतं आणि ते भरून घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. तोवर गोळा वाटीतून मागं निसटण्याची भीती असते. म्हणून तीन गोष्टी वर्ज्य होत्या. मांडी आणि पोट यांतला कोन काटकोनापेक्षा लहान होईल इतकं वाकायचं नाही, एका पायावरून दुसरा पाय न्यायचा नाही, आणि ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. (खुबा पुढून किंवा बाजूनं उघडला असेल तर पथ्यं वेगळी असतात, काही डॉक्टर तर फारशी पथ्यं सांगतच नाहीत. शेजाऱ्याची पथ्यं आपल्याला लावून घेऊ नयेत.)

कागदावर ही तीन वाक्यं सोपी वाटतात. मराठी घरात राहून बघा. मांडी घालून जेवणं गेलं. पाटावर बसून आंघोळ गेली. भारतीय संडास गेला. सोफ्यावर बसलं की माणूस आत रुततो आणि गुडघे खुब्यापेक्षा वर येतात, म्हणून सोफाही गेला. पडलेला चष्मा उचलायचा नाही, पायाची नखं काढायची नाहीत, मोठी माणसं आली तर वाकून नमस्कारही करायचा नाही. मुलानं कमोडवर उंची वाढवणारी प्लास्टिकची बैठक बसवली, हातांची एक ताठ, उंच खुर्ची आणली आणि बाथरूममध्ये स्टूल ठेवलं. दारापुढची पायपुसणी उचलली, कारण वॉकरचा पाय त्यात अडकतो. रबरी चपला बाद झाल्या, मागं पट्टा असलेले सँडल आले. बसतानाची रीतही ठरली. खुर्ची पायांना मागून लागेपर्यंत मागं सरकायचं, ऑपरेशनचा पाय पुढं काढायचा, हातांवर भार घेऊन सावकाश टेकायचं.

पहिली रात्र सगळ्यात वाईट गेली. दोन पायांमध्ये उशी ठेवून उताणं झोपायचं होतं. आप्पा जन्मभर कुशीवर झोपलेले. झोपेत वळलो आणि सांधा निखळला तर, या धास्तीनं ते जागेच राहिले. ही धास्ती अगदीच खोटी नाही, पण तिला माप आहे. सांधा निसटला तर माणसाला संशय घ्यावा लागत नाही. एकदम असह्य कळ येते, पाय आखूड होऊन बहुधा आत वळतो आणि त्यावर उभं राहताच येत नाही. नुसतं आत काहीतरी "टक्" वाजलं, ओढ लागली, टाक्यांपाशी टोचलं, म्हणजे सांधा निसटला असं नाही. हे मॅडमनी फोनवर सांगितल्यावर आप्पा झोपू लागले. रात्री हाक मारायला काकूंनी उशाशी देवघरातली घंटा ठेवली. एकदा वाजवली तर पाणी, दोनदा वाजवली तर बाथरूम, असा संकेत ठरला. काकू म्हणाल्या, "नोकरीत यांनी ड्रायव्हरला नाचवलं, आता मला."

दोन आठवड्यांनी टाके निघाले. एव्हाना आप्पा घरभर वॉकरवर फिरत होते, दुखणं गोळीनं आवरत होतं आणि घरातल्यांना वाटलं, झालं की. पण ते लंगडतच होते. "दुखत नाही तर लंगडता का?" असं काकूंनी विचारलं, तेव्हा ते चिडले. प्रश्न मात्र बरोबर होता.

त्याचं उत्तर मॅडमनी आमच्या सोप्यातल्या फरश्यांवर दाखवलं. त्यांनी आप्पांना चालायला लावलं आणि आम्हाला म्हणाल्या, "ऑपरेशनचा पाय बघू नका, डावा बघा." उजवं पाऊल एका सांध्यावरून निघून जवळजवळ पूर्ण फरशी ओलांडत होतं. डावं पाऊल मात्र उजव्याच्या जेमतेम बरोबरीला येऊन थांबत होतं, त्याच्या पुढं जातच नव्हतं. कारण डावा पाय हवेत असेल तेवढा वेळ सगळं शरीर एकट्या उजव्या पायावर उभं असतं. डावं पाऊल लांब टाकायचं तर उजव्यावर जास्त वेळ उभं राहायला हवं, आणि तेवढी आप्पांची तयारी नव्हती. म्हणून डावा पाय घाईनं खाली येत होता. आवाजातही ते ऐकू यायचं. उजव्याचा लांबट टप्पा आणि पाठोपाठ डाव्याचा तुटका.

म्हणजे भीती ऑपरेशनच्या पायाची आणि आखूड होतं ते चांगल्या पायाचं पाऊल. मला हे फार पटलं. खुबा बदललेल्या माणसाची प्रगती बघायची असेल तर बाकी काही नको, चांगल्या पायाचं पाऊल दुसऱ्याच्या किती पुढं पडतं तेवढं पाहावं.

भीतीच्या जोडीला आणखी एक कारण होतं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, खिशाच्या जरा मागं हात ठेवला तर लागतो तो स्नायू, एका पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला कलू देत नाही. दुखऱ्या खुब्यावर भार नको म्हणून आप्पांनी तो स्नायू दोन-तीन वर्षं वापरलाच नव्हता. त्याऐवजी ते उजव्या पावलावर धड उजवीकडे झुकवायचे, म्हणजे स्नायूला ओढावंच लागत नाही. खुबा एका सकाळीत बदलला, पण ही झुकण्याची सवय आणि तो वाळलेला स्नायू जुनेच राहिले. म्हणून व्यायाम. उताणं झोपून पाय बाजूला सरकवणं, टाच फरशीवरून ओढत गुडघा वाकवणं, ओटा धरून उभं राहून पाय बाजूला उचलणं. कंटाळवाणे आहेत. आप्पा ते बातम्या ऐकत करायचे आणि बातमी आवडली नाही की मोजणं चुकायचे.

फरश्यांवर मॅडमनी खडूनं खुणा केल्या. डावं पाऊल उजव्याच्या पुढं, आधी चार बोटं, मग वीतभर. पहिल्यांदा ते पुढं पडलं तेव्हा आप्पा मध्येच थांबले आणि खाली बघत राहिले. "खाली नका बघू काका, समोर बघा." खाली बघितलं की कंबर वाकते आणि पाऊल पुन्हा आखडतं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या तारखा वाचत चालायचं ठरलं.

याच सुमाराला एक धक्का बसला. चालणं वाढलं तशी संध्याकाळी उजव्या पायाला सूज यायला लागली. सकाळी उतरायची, कारण रात्री पाय उशीवर असायचा. ही सूज नेहमीची, काही आठवडे राहते. पण एका सकाळी ती उतरली नाही, पोटरी घट्ट लागत होती आणि दाबली की दुखत होती. आप्पा कुणाला काही बोलले नाहीत. पुन्हा दवाखाना, पुन्हा अंथरूण, या विचारानं त्यांनी पायजमा खाली ओढून घेतला. काकूंच्या लक्षात आलं ते सँडलचा पट्टा बसेना तेव्हा. शिरेत रक्ताची गुठळी झाली का, हे बघायला पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली. गुठळी नव्हती. पण डॉक्टर लपवण्यावरून चांगलेच रागावले, आणि ते रास्त होतं. रक्त पातळ ठेवण्याचं औषध ऑपरेशननंतर महिनाभर देतात ते याचसाठी. ते चालू असतानाही गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, ताप, उतरत आलेलं दुखणं पुन्हा चढणं, ही जंतुसंसर्गाची लक्षणं. त्यात घरगुती लेप लावून दिवस घालवू नयेत.

त्यानंतर काठी आली आणि काठीवरून वाद झाला. आप्पांनी ती उजव्या हातात धरली. दुखरा पाय उजवा, सवयीचा हात उजवा, मग काठी उजवीकडेच नको का? सिनेमातले लंगडे म्हातारेही तसेच चालतात. मॅडम म्हणाल्या, "डाव्या हातात."

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. उजव्या पायावर उभं असताना शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला, साधारण दहा सेंटिमीटरवर खाली ओढत असतं. बाहेरचा तो स्नायू त्याच्या निम्म्याच अंतरावर आहे, म्हणून तोल राखायला त्याला दुप्पट जोर लावावा लागतो. आप्पांचं वजन सत्तर किलो. पायाचं वजन सोडलं तर वरचं अठ्ठावन्न धरू, स्नायूचा ओढा त्याच्या दुप्पट, आणि दोन्ही मिळून खुब्यावर येतात सुमारे पावणेदोनशे किलो. काठी डाव्या हातात असली की ती खुब्यापासून बरीच लांब टेकते. लांबून लावलेला थोडासा जोरही मोठं काम करतो, त्यामुळे हातानं चार-पाच किलो दाबले तरी स्नायूचा आणि खुब्याचा भार त्याच्या कितीतरी पट कमी होतो. चालताना प्रत्यक्षात तो कागदावरच्याइतका उतरत नाही, पण फरक जाणवण्याइतका पडतो. काठी दुखऱ्याच बाजूला धरली तर हा फायदा जातो, आणि माणूस तिच्यावर झुकून आपलं जुनं लंगडणं पक्कं करतो. वॉल्टर ब्लाउंट नावाच्या अमेरिकन सर्जननं 1956 साली काठीची वकिली करणारा एक लेख लिहिला होता, तो हाडांच्या डॉक्टरांमध्ये अजून प्रसिद्ध आहे.

आप्पांना हिशेब पटला, हात मात्र पटेना. डाव्या हातातली काठी आणि उजवं पाऊल एकाच वेळी पुढं पडायला हवं, आणि ते जुळेना. दोन दिवस त्यांची चाल परेडमध्ये नव्या आलेल्या पोरासारखी होती. मग जमलं, कधी ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

जिना उरला होता. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यातून आले तेव्हा मुलाच्या आधारानं चढले होते, त्यानंतर खाली उतरलेच नव्हते. चढताना चांगला पाय आधी, कारण वरच्या पायरीवरचा पाय सगळं शरीर उचलतो. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, कारण तेव्हा कष्ट मागं राहिलेल्या, वाकणाऱ्या पायाला होतात. पाठ होतं सगळं. तरी वरच्या पायरीवर उभं राहिल्यावर आप्पांचे तळवे घामेजले आणि कठडा निसटायला लागला. उतरण्याची भीती चढण्यापेक्षा मोठी, कारण पडलो तर कुठं पडणार ते समोर दिसत असतं. मुलगा एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून उभा राहिला. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी, एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. खाली पोचल्यावर ते कोपऱ्यावरच्या पेपरवाल्यापर्यंत गेले. तो म्हणाला, "काय आप्पा, गावाला गेला होता काय?" आप्पा म्हणाले, "हो." एवढ्या दिवसांत ते माझ्यासमोर पहिल्यांदा मनापासून हसले.

त्यांना एक गोष्ट अजून खटकत होती. उजवा पाय लांब झालाय असं त्यांना वाटायचं. मोजला तर दोन्ही सारखे. गोळा खचल्यामुळे तो पाय वर्षानुवर्षं आखूड होता आणि त्या मापानं कंबर तिरकी झाली होती. पाय मूळ लांबीवर आला, तरी कंबरेभोवतीचे आखडलेले स्नायू अजून जुन्या मापावर होते. बहुतेकांचं हे काही महिन्यांत निवळतं. तोवर घाईनं दुसऱ्या सँडलला टाच लावून घेऊ नये, असं मॅडमनी बजावलं, कारण मग कंबर सरळ व्हायचं नावच घेत नाही.

सहा आठवड्यांनी तपासणी झाली. एक्स-रेत सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी कुशीवर झोपायला आणि घरात काठीशिवाय चालायला परवानगी दिली. बाहेर काठी आणखी काही दिवस. मांडी आणि उकिडवं बसणं मात्र कायमचं सोडा, असा त्यांचा सल्ला पडला. आप्पांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, "एस.टी.नं कोल्हापूरला जाऊ का?"

डॉक्टर म्हणाले, पायरी उंच असते, फिजिओंना विचारा. मॅडमनी जिन्याच्या पायरीवर लाकडी पाटा ठेवून तेवढी उंची करून घेतली आणि ती चांगल्या पायानं चढायला लावली, दोन्ही हातांनी दांडा धरून. ते जमलं. मग बसायचं कुठं हा प्रश्न आला. उजवा पाय मोकळा सोडता यायला हवा, म्हणजे डाव्या रांगेत वाटेकडची सीट. आप्पांनी यावर बराच वेळ विचार केला.

"तिथं पाय बाहेर काढून बसायचं म्हणजे," ते म्हणाले, "कंडक्टर येऊन बोंबलणार. मी तीस वर्षं तेच करत होतो."

"मग काय करणार?" काकूंनी विचारलं.

"तो आला की आत घेईन. तो गेला की परत बाहेर."